डेस्कटॉपसाठी एक्स्टेन्शन बोर्ड: लोड मोजण्यापासून दीडच्या वायरपर्यंत माझा अनुभव

टेबल खिडकीपाशी, भिंतीवरचा प्लग पाच मीटर लांब. मधे एक बाजारातला एक्स्टेन्शन बोर्ड आणि त्यावर सगळं: रायझन ५ ५६०० आणि आरटीएक्स ३०६० असलेला डेस्कटॉप, २४ इंची दोन मॉनिटर, स्पीकर, राउटर आणि लेझर प्रिंटर. बोर्डावर छापलं होतं १० अँपिअर, २५०० वॉट. प्रिंटर सुरू झाला की दिवा क्षणभर मंद व्हायचा आणि बोर्डाचा थ्री पिन टॉप हाताला गरम लागायचा. कारण शोधून नवा बोर्ड बसवेपर्यंत जे मोजलं आणि जे केलं, ते इथे लिहितो आहे.

पहिलं काम म्हणजे खरा लोड किती, हे ठरवणं. इथे बहुतेकांची चूक होते ती एसएमपीएसवरचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायवरचा आकडा धरण्यात. माझ्या एसएमपीएसवरचे ६५० वॉट ही त्याची डीसी बाजूला देण्याची कमाल क्षमता आहे. तो भिंतीतून तेवढी वीज सतत ओढत नाही. जेवढी पार्ट्सना लागते तेवढी, आणि वर स्वतःचा तोटा, इतकीच ओढतो. प्रोसेसरची मर्यादा ७६ वॉट, ग्राफिक्स कार्डाची १७०, बाकी मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून अंदाजे ४५ ते ५०. बेरीज तीनशेच्या आत. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या आसपास धरली, तर भिंतीतून साधारण ३४५ वॉट. प्लगमध्ये लावायच्या वॉटमीटरवर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हींवर एकाच वेळी पूर्ण ताण दिला तेव्हा ३४० दिसले. नुसतं ब्राउझर उघडं असताना ७५. मॉनिटर दोन्ही मिळून ४४, राउटर आणि स्पीकर २० च्या आसपास. म्हणजे सगळं मिळून ४०५ वॉट. २३० व्होल्टला भागलं तर १.८ अँपिअर.

एवढ्यावर सहा अँपिअरचा कुठलाही बरा बोर्ड आरामात चालायला हवा. गणित बिघडवत होता प्रिंटर. लेझर प्रिंटरमध्ये टोनर कागदावर चिकटवणारा रोलर तापवायला हीटर असतो. तो चालू झाला की माझा प्रिंटर काही सेकंद ९०० वॉटपर्यंत जायचा. ४०५ आणि ९०० म्हणजे १३०५ वॉट, ५.७ अँपिअर. सहा अँपिअरच्या टॉपची मर्यादा २३० व्होल्टला १३८० वॉट. बोर्डाला चार सॉकेट आहेत म्हणून प्रत्येकाला सहा अँपिअर मिळत नाहीत. चारही सॉकेटचा मिळून प्रवाह त्या एकाच टॉपमधून आणि एकाच वायरीतून जातो. शिवाय संध्याकाळी व्होल्टेज २१० वर आलं, की कॉम्प्युटर तेवढेच वॉट मिळवण्यासाठी जास्त अँपिअर ओढतो. इस्त्री किंवा हीटरचं उलटं असतं, त्यांचा प्रवाह कमी होतो.

आता ते २५०० वॉट. २५० व्होल्ट गुणिले १० अँपिअर केलं की हा आकडा येतो. पण बोर्डाचा टॉप लहान पिनांचा, म्हणजे सहा अँपिअरचा होता. साखळीत भिंतीतलं सॉकेट, टॉप, वायर, बोर्डाचा खटका आणि बोर्डाचं सॉकेट असे पाच दुवे असतात, आणि खरी क्षमता त्यातल्या सर्वात कमजोर दुव्याची. झाकणावरचा आकडा सर्वात मजबूत दुव्याचा असू शकतो.

वायर किती जाड आहे, ते बाहेरच्या आवरणावरून कळत नाही. प्लास्टिक जाड घातलं की पातळ वायरही दणकट दिसते. माझ्या वायरीवर ना आयएस ६९४ हा वायरींच्या भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला होता, ना चौरस मिलिमीटर. बोर्ड भिंतीतून काढून उघडला, एका कोअरचं टोक सोललं आणि तारा मोजल्या: चौदा. व्हर्नियरने एका तारेचा व्यास ०.२ मिमी. त्या तारेचं क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस मिमी, गुणिले चौदा म्हणजे ०.४४. म्हणजे दहा अँपिअर लिहिलेल्या बोर्डाला अर्ध्या चौरस मिलिमीटरचीही वायर नव्हती. तुलनेसाठी लक्षात ठेवा: ०.२ मिमीच्या २४ तारा म्हणजे पाऊण, ३२ तारा म्हणजे एक. सहा अँपिअरला किमान पाऊण, दहाला एक, सोळाला दीड, हा हिशोब मी धरतो. तारेवर ब्लेडने खरवडूनही बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनिअम असतं. त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. माझी तार आतपर्यंत लाल होती.

पण नुसत्या पातळ वायरीने टॉप इतका तापत नाही, म्हणून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे भिंतीपासून बोर्डापर्यंत येताना किती व्होल्टेज पडतं ते मोजलं. बोर्डावर १००० वॉटची इस्त्री लावली, म्हणजे सुमारे ४.३ अँपिअर. इस्त्रीचा दिवा लागलेला असताना आधी भिंतीवरच्या शेजारच्या सॉकेटमध्ये आणि लगेच बोर्डाच्या सॉकेटमध्ये मल्टिमीटरने व्होल्टेज घेतलं. असं चार-पाच वेळा, कारण लाइनचं व्होल्टेज स्वतःच हलत असतं. (चालू विजेवर मोजण्याची सवय नसेल तर हे वायरमनकडूनच करून घ्या.) फरक आला ३.९ व्होल्ट. हिशोबाने किती यायला हवा होता? तांब्यासाठी ०.०१७२ गुणिले जाऊन-येऊन दहा मीटर भागिले ०.४४, म्हणजे ०.३९ ओहम. ४.३ अँपिअरला १.७ व्होल्ट. उरलेले २.२ व्होल्ट वायरीत पडत नव्हते, ते सांध्यांत पडत होते. २.२ गुणिले ४.३ म्हणजे साडेनऊ वॉट उष्णता, दोन-तीन ठिपक्यांएवढ्या जागेत. वायरीतली सात वॉट उष्णता पाच मीटरभर पसरते, हाताला जाणवतही नाही. आगीची सुरुवात बहुधा वायरीच्या मधे होत नाही, अशा सैल सांध्यात होते.

टॉप उघडल्यावर कारण दिसलं. न्यूट्रलचा स्क्रू सैल, खालचं प्लास्टिक तपकिरी. तारांच्या टोकाला शिशाचा डाग दिलेला होता. हे नीटनेटकं दिसतं, पण डाग मऊ असतो. स्क्रूच्या दाबाखाली तो हळूहळू पसरतो आणि पकड सुटते. पकड सुटली की रोध वाढतो, रोध वाढला की जागा तापते आणि पितळ काळं पडून रोध आणखी वाढतो. बोर्डाचं सॉकेटही कुठल्याही देशाची पिन बसेल असं बहुउद्देशीय होतं. त्यातल्या पट्ट्या आपल्या गोल पिनेला एखाद्या कडेनेच टेकतात.

आणि तिसऱ्या भोकामागे काहीच नव्हतं. टॉपला तीन पिना, सॉकेटला तीन भोकं, मधली वायर मात्र दोन कोअरची. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटची बॉडी दोघांच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. माझ्याकडे कॅबिनेटचा स्क्रू आणि भिंतीतला अर्थ यांच्यामध्ये ११० व्होल्ट भरले. प्रवाह फार थोडा, पण अनवाणी पायाने स्क्रूला हात लावल्यावर जी मुंगीसारखी चुणचुण येते ती हीच. एचडीएमआय केबल लावता-काढताना तोच प्रवाह पोर्टमधून वाट शोधतो.

नवा बोर्ड घरीच बांधला. वायर पाच मीटर, तीन कोअर, दीड चौरस मिमी, गोल फ्लेक्सिबल. सहा अँपिअरला पाऊणची चालली असती, तरी दीड घेण्याचं कारण भिंतीत आहे. आपल्याकडच्या ६/१६ च्या जोड सॉकेटमध्ये लहान टॉपही बसतो, पण त्या लाइनवर एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, सोळाचा असतो. सोळाचा एमसीबी १८ अँपिअर तासभर सहन करतो, ट्रिप होत नाही. मधल्या पाऊणच्या वायरीचं रक्षण तो ओव्हरलोडपासून करत नाही.

म्हणून वायर दीडची, भिंतीकडे सोळाचा टॉप, आणि बॉक्समध्ये सुरुवातीलाच फेजवर सहा अँपिअरचा सिंगल पोल एमसीबी. त्यानंतर चार साधी सहाची सॉकेट. एमसीबी सी कर्व्हचा घेतला. कॉम्प्युटर चालू करताना एसएमपीएसचे कपॅसिटर भरताना काही मिलिसेकंद मोठा झटका ओढतात; बी कर्व्हचा एमसीबी त्यावर उगाच पडू शकतो. न्यूट्रल आणि अर्थ कुठेही न तोडता थेट. टोकांना डाग न देता दाबून बसवायच्या लग लावल्या. टॉपच्या आत अर्थची वायर इतर दोघींपेक्षा दोन सेंटिमीटर लांब सोडली, म्हणजे कधी ओढ बसली तर ती सर्वात शेवटी सुटेल. वायरीची क्लॅम्प बाहेरच्या आवरणावर बसली पाहिजे, आतल्या रंगीत कोअरवर नाही.

भिंतीत लावण्याआधी मल्टिमीटरवर टॉपची अर्थ पिन आणि प्रत्येक सॉकेटचं वरचं भोक यांच्यात सलगता तपासली, आणि फेज-न्यूट्रल शॉर्ट नाही ना, हेही. लावल्यावर फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ २२९, न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट. फेज-अर्थ जर शंभर-सव्वाशेच्या आसपास डोलत असतं, तर भिंतीतलं अर्थिंगच तुटलेलं असतं आणि बोर्ड कितीही चांगला बांधून उपयोग नव्हता. कॅबिनेट ते अर्थ आता शून्याच्या आसपास. तीच इस्त्री लावून ड्रॉप घेतला: हिशोबाने ०.४९, प्रत्यक्षात ०.८ व्होल्ट. अर्धा तास इस्त्री चालवून, मग बंद करून टॉप हातात घेतला, कोमटही नव्हता.

प्रिंटर या बोर्डावर परत आणला नाही. तो दाराजवळच्या प्लगला थेट लावला आहे, यूपीएसलाही नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो, प्रिंटरचा हीटर त्याला एका क्षणात ओव्हरलोड करेल. बोर्डावर आता १.८ अँपिअर. उरलेली वायर गुंडाळून टेबलामागे कोंबली नाही. वेटोळ्यात उष्णतेला बाहेर पडायला जागा नसते, म्हणून पायपट्टीच्या कडेने सरळ नेली. महिन्याने बोर्ड भिंतीतून काढून टॉपचे आणि बॉक्सचे सगळे स्क्रू पुन्हा आवळले. नव्या तारा दाबल्या जाऊन बसतात, त्यामुळे दोन स्क्रू पाव फेरा फिरले.