निंबाच्या छाटणीचा भाव काढताना

झाड छाटायचं काम घेऊन येणारा माणूस एकच विचारतो, "कापाचे किती घेता भाऊ?" कापणं हा त्यातला सोपा भाग. म्हणून मी झाडाआधी त्याच्या खालची जागा पाहतो. मोकळं आवार असेल तर फांदी कापली की पडू द्यायची. खाली कवेलू असतील तर प्रत्येक फांदी दोराने बांधून हळूहळू खाली सोडावी लागते. झाड तेच, पण वेळ दुपटीने लागतो.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका काकूंच्या परसातल्या निंबाचं काम आलं. तीन जाड फांद्या कवेलूंवर झुकलेल्या. वर चढणाऱ्याची हजेरी ९००, दोर धरायला दोन गडी प्रत्येकी ५०० रुपये. काम दुपारपर्यंत आटपणार होतं, तरी हजेरी पूर्ण धरली. चढणाऱ्याला त्या दिवशी दुसरीकडे अर्धा दिवस कोण देणार? नेहमीच्या गिऱ्हाइकाला मी कधी सूट देतो, पण एकदाच्या कामात ती पुढे भरून निघत नाही.

पेट्रोलच्या करवतीचे ४०० लावले. त्यात पेट्रोल, टू-स्ट्रोक ऑइल आणि साखळीची धार आली. परसातल्या झाडात कपडे वाळवायच्या तारेचे खिळे हमखास असतात, कधी तर सालीने पूर्ण गिळलेले. साखळी खिळ्यावर गेली की धार गेलीच. त्यामुळे खिळा लागून साखळी बदलावी लागली तर तिचा खर्च वेगळा, हे आधीच चिठ्ठीवर लिहून देतो.

खरी घासाघीस कचऱ्यावर झाली. ताज्या फांद्यांचं वजन ट्रॉलीला जड जात नाही. त्या आडव्यातिडव्या पसरून जागा खातात. तशाच भरल्या तर दोन खेपा, प्रत्येकी ७००. त्यात माझे ३०० मिळवून एकूण ४००० झाले.

काकू म्हणाल्या, "इतके? लाकूड तं आमालेच लागते ना चुलीले."

मग हिशेब बदलला. जाड लाकूड तिथेच रचून ठेवायचं. गड्यांची हजेरी दिवसभराची दिलेलीच होती, तेव्हा दुपारनंतर त्यांनी बारीक फांद्या कोयत्याने हातभर तोडून ट्रॉलीत दाबून भरायच्या. एक खेप वाचली आणि भाव ३३०० वर आला. शेजाऱ्याच्या बकऱ्यांसाठी थोडा पाला बाजूला ठेवायचा, हेही ठरलं. त्याचे पैसे मी कापले नाहीत, कारण तेवढ्याने ट्रॉलीची खेप काही कमी होत नव्हती.

"तिथंच जाळून टाका ना," असंही त्या म्हणाल्या. त्याला मी नाही म्हटलं. ओला पाला नुसता धुमसतो, आणि मागेच कडब्याची गंजी होती.

घराकडे जाणारी विजेची तार एका फांदीला टेकली होती. लाइनमनला सांगून लाइन बंद करून घेणं घरमालकाकडे, आणि त्यासाठी थांबावं लागून दुसरा दिवस उजाडला तर हजेरी पुन्हा, ही ओळ चिठ्ठीवर शेवटी घातली. काकूंनी ती दोनदा वाचली आणि लाइनमनला फोन लावायला आत गेल्या.