रंध्रं राखून चट्टे कसे काढले: त्वचा रिटचिंगचा माझा अनुभव

मोठ्या आकारात छापायचं एक पोर्ट्रेट माझ्याकडे रिटचिंगला आलं. खिडकीतून एका बाजूने आलेला उजेड, 24 मेगापिक्सेलची उभी फाइल आणि चौकटीची अर्ध्याहून जास्त रुंदी व्यापणारा चेहरा. बाजूच्या उजेडात त्वचेचा प्रत्येक चढउतार उठून दिसतो, त्यामुळे गालावर आणि हनुवटीजवळ गडद-फिके चट्टे स्पष्ट दिसत होते. फोटोतल्या बाईंचं म्हणणं एवढंच होतं की चट्टे कमी करा, पण वय पुसू नका. आधी दुसरीकडून करून घेतलेली एक प्रतही त्यांनी पाठवली होती.

ती प्रत मी बराच वेळ पाहिली. गाल प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत झाला होता, पापण्या आणि ओठ मात्र आधीसारखेच धारदार होते. आणि नीट पाहिलं तर चट्टे गेलेच नव्हते! त्यांच्या कडा मऊ झाल्या होत्या, इतकंच. जे राखायचं ते गेलं आणि जे काढायचं ते राहिलं. हे का होतं हे कळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी आधी मोजमाप केलं.

या फाइलमध्ये चेहऱ्याची रुंदी 2200 पिक्सेल होती. खरा चेहरा साधारण 14 सेंटिमीटर रुंद धरला तर एका मिलिमीटरला सुमारे 16 पिक्सेल येतात. गालावरचं रंध्र जेमतेम 3 ते 5 पिक्सेलचं, आणि एका रंध्रापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर 16 पिक्सेलच्या आसपास. चट्टे 3-4 मिलिमीटरचे, म्हणजे सुमारे 50 पिक्सेल. एक गडद चट्टा आणि शेजारचा फिका भाग मिळून 100 पिक्सेल. गालाची गोलाई त्याहून कितीतरी मोठी, काही शे पिक्सेलची. त्वचेवर असे तीन वेगवेगळ्या मापांचे तपशील एकमेकांवर बसलेले असतात, आणि आपल्याला त्यातलं फक्त मधलं माप नको असतं.

असा गुळगुळीतपणा सहसा गॉसियन ब्लरने येतो, म्हणजे शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढून चित्र मऊ करणाऱ्या फिल्टरने. तो कोणत्या मापाचं किती शिल्लक ठेवतो, ते एका साध्या सूत्रातून काढता येतं:

```
उरणारा कॉन्ट्रास्ट = exp(−2π²σ² / L²)
```

इथे σ म्हणजे ब्लरचा रेडियस (फोटोशॉपमधला आकडा मी तोच धरला) आणि L म्हणजे एका गडद-फिक्या जोडीची लांबी. रेडियस 10 ठेवला तर 16 पिक्सेलवरच्या रंध्रांचं जवळजवळ काहीच उरत नाही, हजारात एक भागही नाही. 100 पिक्सेलच्या चट्ट्यांचा कॉन्ट्रास्ट मात्र 82 टक्के तसाच राहतो. चट्टे खरोखर घालवायचे तर रेडियस 40 पर्यंत न्यावा लागतो. पण तिथे 200 पिक्सेलच्या रचनाही निम्म्याहून जास्त पुसल्या जातात, आणि त्यातच नाकपुडीची वळणं, डोळ्याखालची खोलगट जागा, ओठांच्या कोपऱ्यांची सावली येते. चेहरा सपाट होतो तो इथे. ब्लर नेहमी बारीक बाजूकडून खात येतो, त्यामुळे मधल्या मापापर्यंत पोहोचायच्या आधीच रंध्रं संपलेली असतात.

ब्लर केलेल्या लेयरची ओपॅसिटी 50 टक्के करणं हा नेहमीचा उपाय. त्यानेही हे गणित बदलत नाही. रंध्रं अर्धी परत येतात आणि चट्टे 82 वरून 91 टक्क्यांवर जातात.

मग गुळगुळीतपणा डोळ्याला प्लॅस्टिकच का वाटतो? माझ्या मते मुख्य कारण चमक आहे. खऱ्या त्वचेवर गालाच्या उंचवट्यावर पडलेला प्रकाश रंध्रांमुळे तुटतो, बारीक तुकड्यांमध्ये विखुरतो. ब्लरमध्ये ते तुकडे एकमेकांत मिसळतात आणि एक सलग, मऊ कडांचा पांढरट डाग तयार होतो. असा सलग डाग आपण फक्त गुळगुळीत, घट्ट पृष्ठभागावर पाहिलेला असतो, म्हणून नजर त्वचेला तेच समजते. वर नॉइज घालून हे झाकलं जात नाही. प्रत्येक रंध्राची एक बाजू उजळ आणि दुसरी गडद असते, आणि ती दिशा त्या फोटोतल्या उजेडाने ठरते. नॉइजला अशी दिशा नसते.

आता प्रत्यक्ष काम. दोन-चार पुटकुळ्या आणि सुटे केस मी रिकाम्या लेयरवर Healing Brush ने काढले, Sample मध्ये Current & Below ठेवून. हे साधन पोत एका जागेवरून घेतं आणि रंग-उजेड दुसऱ्या जागेचा लावतं, म्हणून सुट्या डागांसाठी त्याहून बरं काही नाही.

चट्ट्यांसाठी पहिल्यांदा फ्रीक्वेन्सी सेपरेशन करून पाहिलं. मूळ चित्राच्या दोन प्रती करायच्या, खालच्या प्रतीला रंध्रं दिसेनाशी होईपर्यंत गॉसियन ब्लर द्यायचा (या फाइलला 10), आणि वरच्या प्रतीवर Apply Image वापरून खालची प्रत वजा करायची. 8 बिटमध्ये Blending ला Subtract, Scale 2, Offset 128. 16 बिटमध्ये Add, Invert वर खूण, Scale 2, Offset 0. मग वरच्या लेयरचा मोड Linear Light. इथवर चित्र मूळासारखंच दिसलं पाहिजे. जरासाही फरक दिसला तर आकडा कुठेतरी चुकला आहे. रंध्रं वर, रंग आणि छटा खाली, अशी विभागणी होते.

घोळ होतो तो यानंतर. बहुतेकजण खालच्या लेयरवर लॅसोने एकेक भाग निवडून तो पुन्हा ब्लर करतात. एकदा केलं तर ठीक, पण शेजारची निवड आधीच्या निवडीवर चढते, तोच भाग दोनदा-तीनदा ब्लर होतो आणि मधल्या मापाचं काहीच उरत नाही. तेव्हा रंध्रं सगळी जागेवर असूनही चेहरा खोटा दिसतो, कारण ती सपाट पृष्ठभागावर छापल्यासारखी वाटतात. थोडा असमानपणा त्वचेला लागतोच.

म्हणून मी उलट्या हाय पासकडे वळलो. हाय पास फिल्टर ठरवलेल्या मापाहून बारीक तपशील वेगळे काढतो, आणि ते उलटे करून चित्रावर लावले की त्यातून वजा होतात. गणिताने ही रीत फ्रीक्वेन्सी सेपरेशनची सख्खी बहीणच आहे: खालचा लेयर नेमका एकदाच ब्लर केला तर जे मिळतं तेच इथे मिळतं. फरक हा की मात्रा सगळ्या चेहऱ्यावर एकदाच ठरते आणि नंतर फक्त मास्क रंगवायचा असतो. चुकून दोनदा लावण्याची सोयच नाही.

लेयरची प्रत केली, Invert केली, मोड Linear Light आणि Opacity 50 टक्के. (बरेचजण Vivid Light वापरतात, मला Linear Light चा हिशेब सरळ वाटतो.) मग Filter, Other, High Pass, रेडियस 24. या क्षणी सगळा चेहरा धूसर दिसतो, आणि तो तसाच दिसायला हवा. आता त्याच लेयरवर Gaussian Blur उघडला आणि रेडियस शून्याकडून हळूहळू वाढवला. जसजसा आकडा वाढतो तसतशी रंध्रं परत येतात. ब्लर वाढवल्याने पोत परतताना पाहणं मला अजूनही विलक्षण वाटतं. 8 वर थांबलो. High Pass च्या रेडियसचा तिसरा भाग हा अंदाज बहुतेक वेळा जमतो. सूत्रात घालून पाहिलं तर 16 पिक्सेलवरची रंध्रं 99 टक्के राहतात आणि 100 पिक्सेलचे चट्टे 40 टक्क्यांवर येतात. ब्लरने मिळालेल्या निकालाच्या हे बरोबर उलट आहे.

लेयरला काळा मास्क देऊन गाल, कपाळ आणि हनुवटीवर पांढरा ब्रश फिरवला. ओठ, पापण्या, नाकपुड्या आणि केसांच्या रेषेपासून अंतर राखलं. हा फिल्टर तीव्र कडेच्या दोन्ही बाजूंना उजळ-गडद पट्टा सोडतो, आणि कडेपासून 24 पिक्सेलच्या आत गेलं की तो हमखास दिसतो.

पण 200 पिक्सेलच्या मोठ्या छटा यात फक्त चौथ्या हिश्शाने कमी होतात, आणि कडेजवळचे चट्टे तर शिवलेच नव्हते. तिथे डॉज अँड बर्नला, म्हणजे ब्रशने थोडं थोडं उजळ-गडद करण्याला, पर्याय नाही. दोन Curves लेयर घेतले, एक उजळ करणारा आणि एक गडद करणारा, दोन्हींचे मास्क काळे, मऊ ब्रश, Flow 2 टक्के. पोत इथे टिकतो कारण वक्र रेषा रंध्राचा गडद पिक्सेल आणि त्याच्या शेजारचा उजळ पिक्सेल दोन्ही सोबतच वर किंवा खाली नेते. शेजारच्या पिक्सेलची सरासरी कुठेच काढली जात नाही. चट्टे नीट दिसावेत म्हणून सर्वांत वर Black & White आणि तीव्र कॉन्ट्रास्टचा Curves लेयर तात्पुरता ठेवला. चित्र 50 टक्के झूमवर पाहिलं. 200 टक्क्यांवर काम केलं की हात रंध्रांशी खेळायला लागतो आणि चट्टा मात्र नजरेतून निसटतो. उजळलेल्या सावल्या थोड्या तांबूस झाल्या, त्या Hue/Saturation ने नंतर आवरल्या. हे काम संथ आहे, पण मोठ्या प्रिंटसाठी मी ते कधीच टाळत नाही.

कपाळावर अंगठ्याएवढी एक जागा उजेडाने पूर्ण पांढरी पडली होती. तिथे पोत नोंदलाच गेला नव्हता, म्हणून राखायलाही काही नव्हतं. शेजारच्या कपाळावरून Clone Stamp ने पोत आणून बसवावा लागला, उजेडाची दिशा सांभाळून. रॉ फाइल उघडताना Luminance नॉइज रिडक्शन जास्त ठेवलं तर सगळ्या चेहऱ्याचं हेच होतं, तेव्हा तो स्लायडर सुरुवातीलाच खाली आणलेला बरा. आणि काम छोट्या आकाराचं किंवा घाईचं असेल तर Camera Raw किंवा लाइटरूममधला, 2019 मध्ये आलेला Texture स्लायडर त्वचेवर मास्क करून उणे 15-20 वर नेला तरी पुरतो. तोही मधल्या मापावरच काम करतो. Clarity उणे नेऊ नये, त्याने मोठ्या छटा धूसर होऊन चेहऱ्यावर दुधी झाक येते.

शेवटची तपासणी 100 टक्के झूमवर, दोनच जागी केली. गालावरची चमक अजून तुटक आहे का, आणि हनुवटीखाली, जिथे हात न लावलेली मानेची त्वचा सुरू होते, तिथे पोत अचानक बदलतो का. मानेपाशी किंचित बदल जाणवला, म्हणून हाय पासच्या लेयरची ओपॅसिटी 50 वरून 40 केली आणि फाइल छपाईला पाठवली.