‘पण यात अश्लील काय आहे?’ : बनावट फोटोची तक्रार नोंदवताना

हा प्रश्न मला पोलीस ठाण्यात इतक्यांदा विचारला गेला, की आजही आठवला तरी डोकं तापतं. उत्तर मात्र आता तोंडपाठ आहे, म्हणून लिहिते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. २०२५च्या १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर शाळेच्या पायरीवर माझा एक फोटो काढला गेला. निळी काठपदराची साडी, अंबाडा, हातात बक्षिसांचा ट्रे. तो शाळेच्या पानावर चढला. पुढे काही दिवसांनी माझं नाव आणि गावाचं नाव लावून कुणीतरी समाजमाध्यमावर एक खातं उघडलं आणि तोच फोटो टाकला. चेहरा माझा, पायरी आमची. पण साडीच्या जागी तोकडा, खोल गळ्याचा काळा ड्रेस आणि अंबाड्याच्या जागी खांद्यावर मोकळे सोडलेले लालसर केस. खाली ओळ होती, ‘शाळा सुटल्यावर मॅडम’. तिथून तो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आणि मग एका पालकांनी मुख्याध्यापकांना फोन करून विचारलं, या बाई मुलांना काय शिकवणार?

फोटो बनावट आहे हे मोठा करून पाहिला की कळतं. मंगळसूत्राचे काळे मणी ड्रेसच्या गळ्याच्या कडेशी येऊन तुटतात, पुढे वाट्याच नाहीत. मागच्या कठड्याचा सरळ गज माझ्या खांद्याजवळ वाकलाय, कारण पदर पुसताना मागचंही थोडं ओढलं गेलंय. मनगटावरच्या हिरव्या बांगड्या तेवढ्या जशाच्या तशा आहेत. पण ग्रुपवर कोण एवढं मोठं करून बघतंय?

कपडे किंवा केस बदलले की लगेच गुन्हा होतो, असं नाही. माझ्या भाचीने मागे एका ॲपवर मला कुरळे केस लावून घरच्या ग्रुपवर टाकले होते आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. तिथे फोटो बदललेला आहे हे बघणाऱ्याला माहीत होतं आणि मी नको म्हटलं असतं तर तिने तो काढलाही असता. इथे फोटो खरा म्हणून फिरवला होता, खातं माझं म्हणून उघडलं होतं आणि तो नेमका माझ्या नोकरीशी संबंध असलेल्या माणसांपुढे नेऊन ठेवला होता. फरक या तिन्हींत आहे, गळा किती खोल यात नाही.

ॲपवरचं काम तुलनेने लवकर झालं, म्हणून थोडक्यात सांगते. शाळेतल्या मैत्रिणींनी फोटोखालचं रिपोर्टचं बटण दाबून ‘नग्नता’ हा पर्याय निवडला होता. त्यावर उत्तर आलं, की आमच्या नियमांचा भंग झालेला नाही. त्यांच्या मोजमापाने ते बरोबरच, कारण अंगावर कपडे होतेच. बटणावरची तक्रार कंपनी स्वतःच्या नियमांनी तपासते. आपल्या कायद्याने तपासायला लावायचं तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहावं लागतं. त्याचं नाव आणि पत्ता ॲपवर किंवा वेबसाइटवर देणं बंधनकारक आहे. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ मधला नियम ३(२)(बी) म्हणतो, की नग्न किंवा खासगी अवयव दाखवणारा मजकूर तर काढायचाच, शिवाय दुसऱ्याचं सोंग घेऊन टाकलेला मजकूर, त्यात कृत्रिमरीत्या बदललेल्या प्रतिमाही आल्या, हासुद्धा काढायचा. तेव्हा त्याची मुदत चोवीस तास होती, नंतर ती आणखी कमी झाली. मी नग्नतेचा शब्दही न काढता एवढंच लिहिलं: हे खातं माझं नाही, फोटो बदललेला आहे, हा माझा मूळ फोटो, हे माझं ओळखपत्र. खातं गेलं. कंपनीने नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही तर gac.gov.in वर सरकारी अपील समितीकडे जाता येतं. नकार आला असेल तर तीस दिवसांच्या आत.

पण काढून टाकायला लावण्याआधी पुरावा जपा, हे इथेच सांगते, कारण नंतर उपयोग नाही. फोटोचा नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. खात्याची पूर्ण लिंक हवी, कारण वर दिसणारं नाव कधीही बदलता येतं. मी खात्याचं पान उघडल्यापासून फोटो, ओळ आणि खालच्या प्रतिक्रिया दिसेपर्यंत स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवली. व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्याचं नाव सेव्ह असेल तर स्क्रीनशॉटमध्ये नावच दिसतं, म्हणून त्याचा नंबर दिसेल असा वेगळा काढला.

आता ठाणं.

गावच्या ठाण्यात अंमलदार म्हणाले, सायबरचं आहे, जिल्ह्याला जा. जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात म्हणाले, एवढ्यासाठी इथे कशाला, तुमच्याच ठाण्यात द्या. परत गावात आले तर साहेब बंदोबस्तावर होते आणि मला सांगण्यात आलं, की आयटी ॲक्टचा तपास पीआय साहेबच करतात, ते आले की या. यातलं अर्धं खरं आहे. आयटी ॲक्टच्या कलम ७८ प्रमाणे तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. पण ही तपासाची गोष्ट झाली. गुन्हा नोंदवून घ्यायला निरीक्षक हजर असायची गरज नाही. आणि हद्दीचं म्हणाल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. ते नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायचं काम त्यांचं. हे मला माझ्या चुलतदिरांच्या ओळखीच्या वकीलबाईंनी सांगितलं, तोवर माझ्या अर्ध्या रजा गेल्या होत्या.

साहेब भेटले तेव्हा फोटो बघून तेच म्हणाले, “मॅडम, यात अश्लील काय आहे? असे कपडे तर आजकाल सगळ्याच घालतात.”

“साहेब, मी घातले नाहीत,” मी म्हटलं. “आणि घातले असते तरी माझ्या नावाचं खातं दुसऱ्याने का उघडायचं?”

“मग एनसी करून देतो. बदनामीचं आहे ना, त्याला कोर्टात जावं लागतं.”

बहुतेक जणी इथे एनसीचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नुसत्या नोंदीचा, कागद घेऊन घरी जातात. साहेबांचंही एक बरोबर होतं. नुसती बदनामी, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, अदखलपात्र आहे. त्यात पोलीस स्वतःहून तपासाला हात घालत नाहीत. आणि आयटी ॲक्टचं कलम ६७ अश्लील मजकुराचं, ते या फोटोला लागणं कठीणच. अर्जात ‘अश्लील फोटो’ लिहिलं, की सगळी चर्चा ड्रेसवर येते आणि आपण हरतो. वकीलबाईंनी माझा अर्ज वाचून ‘अश्लील’ हा शब्द दोन्ही ठिकाणी खोडला आणि म्हणाल्या, “तुमच्या अंगावर काय दाखवलंय ते सोडा. त्याने काय केलं ते लिहा.”

त्याने काय केलं? माझं नाव आणि चेहरा वापरून मी असल्याचं भासवलं. त्याला आयटी ॲक्टची कलम ६६-सी आणि ६६-डी. माझी अब्रू जावी म्हणून खोटा इलेक्ट्रॉनिक अभिलेख तयार केला. त्याला न्याय संहितेचं ३३६(४). एका स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान व्हावा म्हणून तो लोकांना दाखवला, त्याला ७९. ही सगळी दखलपात्र आहेत. कलमं लावणं शेवटी पोलिसांचं काम, आपण नाही लिहिली तरी चालतं, पण घटना अशा सुट्या करून मांडल्या की टाळायला जागा राहत नाही. पुढे नकोसे मेसेज येत राहिले असते, तर न्याय संहितेचं पाठलागाचं ७८ही आलं असतं.

नव्या अर्जाच्या दुसऱ्या पानावर मूळ फोटो आणि खोटा फोटो शेजारी शेजारी छापले आणि मणी, गज, बांगड्या यांना लाल पेनाने गोल केले. मूळ फोटो ज्या सरांच्या मोबाइलवर काढला होता तो मोबाइल त्यांनी जपून ठेवला, कारण व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की काढल्याची तारीख-वेळ त्यातून निघून जाते. मूळ फाइल द्यायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तुमचा स्वतःचा मोबाइलही मध्येच विकू किंवा रीसेट करू नका; कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं, त्यात पुरावा कोणत्या उपकरणातला हे द्यावं लागतं.

cybercrime.gov.in वर महिलांच्या गुन्ह्यांच्या विभागात तक्रार टाकून तिचा क्रमांकही अर्जावर लिहिला. १९३० वर फोन मी केला नाही. तो मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे.

तरीही उत्तर आलं, “आधी चौकशी करू, मग बघू.” अशी प्राथमिक चौकशी करता येते, पण तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकांच्या परवानगीने आणि चौदा दिवसांतच. मी शांतपणे विचारलं, परवानगी कोणत्या तारखेची? ती नव्हतीच. मग सुरक्षा संहितेच्या १७३(४) प्रमाणे सगळा अर्ज रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवला आणि पोस्टाच्या पावतीची झेरॉक्स ठाण्यात देऊन पोच घेतली. अधीक्षकांकडूनही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. माझ्यावर ती वेळ आली नाही. ठाण्यातूनच फोन आला, “मॅडम, जबाब द्यायला या.” जबाब महिला अधिकाऱ्याने लिहून घेतला, ७९ सारख्या कलमांत तसा नियमच आहे, मागायला संकोचू नका. त्या ताईंनी ड्रेसबद्दल एक अक्षर विचारलं नाही. खातं कधी दिसलं, कुणाला आधी कळलं, कुणाशी वाद होता का, एवढंच. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, माझं ऐकलं जातंय.

एवढी घाई का करायची, त्याचं कारण सांगायचं राहिलं. खातं काढून टाकलं तरी कंपनीला तो मजकूर आणि नोंदणीची माहिती १८० दिवस जपून ठेवावी लागते. पोलिसांनी त्या आत मागितली तर खातं कोणत्या नंबरवरून, कोणत्या आयपी पत्त्यावरून उघडलं ते मिळण्याची शक्यता असते. ठाण्यांच्या टोलवाटोलवीत जो वेळ जातो तो नेमका या १८० दिवसांतून जातो, आणि माझा खरा राग त्याचाच आहे.

फोटो नग्न किंवा अर्धनग्न केला असेल, तर StopNCII.org वर जा. तिथे फोटो कुणाकडे पाठवावा लागत नाही. तुमच्याच मोबाइलवर त्याची एक सांकेतिक खूण बनते आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून तो फोटो अडवतात. बनावट फोटोही चालतो, पण वय अठराच्या वर हवं. विद्यार्थिनीचा असा फोटो असेल तर तो जपण्यासाठीही कुणाला फॉरवर्ड करू नका. लिंक लिहून घ्या आणि थेट पोलिसांकडे जा, तिथे पॉक्सो लागतो.

एफआयआरची प्रत फुकट मिळते. मी ती तिथेच मागून घेतली, तिची झेरॉक्स मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला दिली, आणि पालकांच्या ग्रुपवर मुख्याध्यापकांनी स्वतः लिहिलं, की फोटो बनावट असून गुन्हा दाखल झाला आहे, तो पुढे पाठवणाऱ्यांचीही चौकशी होऊ शकते. दुपारपर्यंत बऱ्याच जणांनी आपले मेसेज डिलीट केले होते. त्यांचे स्क्रीनशॉट, नंबरांसकट, माझ्याकडे आधीच होते आणि ते मी तपास अधिकाऱ्यांना दिले. तपास चालू आहे.