आईसाठी कमी मिठाची खरेदी: लोणचे, पापड आणि फरसाणातले लपलेले सोडियम

आईचा रक्तदाब औषध चालू असूनही वरच राहू लागला, तेव्हा डॉक्टरांनी गोळी वाढवण्याआधी तिच्या खाण्यातल्या मिठाची चौकशी केली. दिवसभरात सगळे मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एका सपाट लहान चमच्याच्या आत असावे, असे त्यांनी सांगितले. आई भाजी-आमटीत आधीच हात राखून मीठ घालत होती आणि ताटात वरून मीठ घेत नव्हती. त्यामुळे राहिलेले मीठ वाण्याकडून येणाऱ्या पाकिटांतूनच येत असणार, हे उघड होते आणि मी तिथूनच सुरुवात केली.

पाकिटाच्या मागे पोषणमूल्यांचा तक्ता असतो आणि त्यात सोडियम मिलिग्रॅममध्ये दिलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की तेवढे मिलिग्रॅम मीठ येते, म्हणून ५ ग्रॅम मिठाची मर्यादा म्हणजे साधारण २,००० मिलिग्रॅम सोडियम. हा आकडा बहुधा १०० ग्रॅम पदार्थासाठी असतो, तर शेजारी लिहिलेला ‘एका वेळचा’ वाटा इतका लहान धरलेला असतो की त्यावरून आपल्या ताटाचा अंदाज येत नाही. म्हणून मी आई खरोखर किती खाते ते स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पाहिले.

आमच्या घरच्या कैरीच्या लोणच्यावर १०० ग्रॅमला ४,८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलेले होते. एक फोड आणि तिच्याबरोबर येणारा खार मिळून १५ ग्रॅम भरले, आणि आई दोन्ही जेवणांत लोणचे घेत असे. म्हणजे दिवसाला ३० ग्रॅम लोणच्यातून १,४४० मिलिग्रॅम सोडियम तिच्या पोटात जात होते. उडदाच्या पापडावर १०० ग्रॅमला १,८०० मिलिग्रॅम होते आणि एक पापड १२ ग्रॅमचा होता, त्यामुळे दोन पापडांतून आणखी सुमारे ४३० मिलिग्रॅम. भाजी, आमटी आणि पोळीतले मीठ मोजण्याआधीच दिवसाची मर्यादा जवळजवळ संपलेली होती.

लोणच्याचे आईला लगेच पटले, पण पापडाच्या बाबतीत ती म्हणाली, “अगं, पापड कुठे एवढा खारट लागतो?” तिचे म्हणणे बरोबर होते आणि नेमकी तीच अडचण आहे. पापडात मिठाखेरीज पापडखार असतो, आणि तो म्हणजे प्रामुख्याने सोडियमचे कार्बोनेट व बायकार्बोनेट. त्यातले सोडियम शरीरात जाते, पण जिभेला मिठासारखे खारट लागत नाही, त्यामुळे चवीवरून पापडाची पारख करता येत नाही. पापड तळण्याऐवजी भाजला तर तेल वाचते, सोडियम मात्र तेवढेच राहते. घरगुती म्हणून सुटे विकले जाणारे, तक्ता नसलेले पापड मी आईसाठी आणणे बंद केले, कारण त्यांत किती खार आहे हे कळायला मार्गच नसतो.

फरसाण, वेफर्स आणि बिस्किटे घेताना पुढच्या बाजूचे ‘बेक्ड’ किंवा ‘मल्टिग्रेन’ हे शब्द मी विचारात घेत नाही, कारण सोडियमशी त्यांचा संबंध नाही. ‘लो सोडियम’ हा दावा मात्र उपयोगाचा आहे. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे घन पदार्थात १०० ग्रॅमला १२० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सोडियम असेल तर तो करता येत नाही. गोड बिस्किटांतही खाण्याच्या सोड्यामुळे सोडियम असते. घटकांच्या यादीत तो आयएनएस ५०० या क्रमांकाने, तर मसाल्याच्या पुड्यांतले मोनोसोडियम ग्लुटामेट ६२१ या क्रमांकाने दिसते.

लोणच्याच्या जागी आता लिंबाची फोड आणि बिनमिठाची जवसाची चटणी असते. पापडाऐवजी बिनखाराच्या साबुदाण्याच्या पापड्या घरी करतो. त्यांचे मिश्रण चवीला अळणी वाटेल इतकेच ठेवावे लागते, कारण वाळताना पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते.

सैंधव वापरावे असे अनेकांनी सुचवले, पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. कमी सोडियमच्या मिठाबद्दल मी डॉक्टरांना विचारले. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. आई टेल्मिसार्टन घेते आणि त्या औषधाने रक्तातले पोटॅशियम वाढू शकते, म्हणून त्यांनी आधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासले. मूत्रपिंडाचे काम थोडे कमी दिसल्यामुळे त्यांनी ते मीठ नको म्हणून सांगितले, आणि आम्ही साधे आयोडिनयुक्त मीठच मोजून वापरत आहोत.