बेडकाच्या नाकावर थेंब : तीन सेकंदांचा कागद

क्ले ॲनिमेशनसाठी मी लिहिलेली पहिली पटकथा जेमतेम अर्ध्या पानाची होती. गळक्या नळाखाली एक बेडूक बसला आहे, थेंब नाकावर पडतो, बेडूक दचकून मागे उडी मारतो आणि विचारात पडतो. वाचायला छान. पण मातीचा बेडूक 'विचारात पडतो' म्हणजे नक्की कोणता अवयव कुठे सरकतो, हे त्या वाक्यात कुठेच नव्हतं. म्हणून प्रत्येक वाक्याला फ्रेम द्यायला बसलो.

हिशोब सोपा आहे. सेकंदाला 24 फ्रेम. प्रत्येक फोटो दोन फ्रेम टिकवला, तर सेकंदाला 12 फोटो काढावे लागतात. मातीच्या हालचालीला तेवढे पुरतात. तीस सेकंदांची फिल्म म्हणजे 360 फोटो, आणि प्रत्येक फोटोआधी बेडकाला हात लावायचा. हे कळल्यावर उडी लगेच संपली. चारही पाय जमिनीवरून सुटले की बेडकाला हवेत धरायला मागून आधार लागतो, आणि तो आधार नंतर प्रत्येक फोटोतून पुसावा लागतो. एवढं करून विनोद फारसा वाढणार नव्हता. उडीऐवजी मी लिहिलं : दोन्ही बुबुळं हळूहळू नाकाकडे वळतात. मला हे उडीपेक्षा जास्त आवडलं, शिवाय 'विचारात पडतो'चाही प्रश्न सुटला.

मुख्य शॉट तीन सेकंदांचा, म्हणजे 72 फ्रेमचा. त्याचं टिपण शेवटी असं झालं :

फ्रेम 1–16 : बेडूक वर बघतोय, फक्त गळा किंचित फुगतो आणि बसतो.
17–22 : डोळे मिचकावतो. अर्धी पापणी, पूर्ण, पुन्हा अर्धी.
23–32 : नळाच्या तोंडाशी थेंब फुगतो, पाच फोटोंत.
33–42 : थेंब पडतो, पाच फोटोंत.
43–44 : थेंब नाकावर चपटा.
45–48 : बुबुळं आत वळतात.
49–72 : होल्ड.

पहिल्या ओळीतला गळा उगाच नाही. मातीची आकृती पडद्यावर पूर्ण थांबली की ती जिवंत वाटेनाशी होते. पण पूर्ण अंगाला वारंवार हात लावला, तर बोटांचे ठसे बदलत राहतात आणि कातडी उकळल्यासारखी दिसते. म्हणून एकच छोटा भाग हलवायचा आणि बाकीच्याला हात लावायचा नाही.

सगळ्यात जास्त वेळ थेंबाने खाल्ला. नळ ते नाक अंतर 25 सेंटीमीटर. पडणारी वस्तू वेग घेत जाते, म्हणून सारख्या अंतराने सरकवलेला थेंब लिफ्टमधून उतरल्यासारखा दिसतो. टिपणात मी अंतरं लिहिली : 1, 3, 5, 7, 9 सेंटीमीटर. बेरीज बरोबर 25. खरा थेंब एवढं अंतर सेकंदाच्या पाव भागापेक्षाही कमी वेळात पार करतो. माझ्या दहा फ्रेम म्हणजे जवळजवळ दुप्पट वेळ, आणि तो मुद्दाम घेतला. पडायला वेळ लागला की थेंब मोठा भासतो, बेडूक लहान.

सामानाची यादी मी आधी सेटचं चित्र काढून केली होती. भिंत, नळ, शेवाळ वगैरे. ती बाजूला ठेवली आणि टिपणातली एकेक ओळ वाचत नवी केली. गळा आणि पापण्यांसाठी तेलाची माती, म्हणजे प्लॅस्टिसिन. ती वाळत नाही. पापण्यांचे तुकडे आधीच करून ठेवायचे, अर्धे आणि पूर्ण वेगवेगळे. पायांत दुहेरी पिळलेली ॲल्युमिनियमची तार, आणि पाऊल तळाच्या फळीला खालून स्क्रूने आवळायचं, नाहीतर पापणी बदलताना अख्खा बेडूक सरकतो. फुगणारा थेंब हॉट ग्लूचा, वाढत्या आकाराचे पाच. पडणारा लांबट, नाकावरचा चपटा. पडणारा थेंब बारीक तारेच्या टोकाला, तार मागून स्टँडला, आणि स्टँडला फ्रेमबाहेर चिकटवलेली मोजपट्टी. नाकावरच्या ओलेपणासाठी ग्लिसरीन, कारण पाणी दिव्यांखाली उडून जातं. शिवाय तारेमुळे एक ओळ वाढली : तार लावण्याआधी, दिवे आणि कॅमेरा तसेच ठेवून, त्याच चौकटीचा एक रिकामा फोटो. तार पुसल्यावर मागची भिंत त्यातून भरायची.

शूट करण्याआधी टिपणातल्या प्रत्येक स्थितीचा एकेक फोटो काढून तो ठरलेल्या फ्रेमइतका ताणला आणि शॉट चालवून पाहिला. थेंब, पापणी, गळा, सगळं वेळेत होतं. फक्त शेवटचा होल्ड तोकडा वाटला : बुबुळं वळलेली डोळ्यांना दिसेपर्यंत शॉट कापला जात होता. तिथे आठ फ्रेम वाढवल्या आणि शॉट 80 फ्रेमचा झाला. फोटो मात्र वाढले ते चारच.