साडेसहाशे कशाचे?

“घरचंच तं आहे नं, मग साडेसहाशे कशाचे?” मी विकते त्या दिवाळीच्या मिठाईचा नमुन्याचा डबा हातात तोलत शेजारच्या काकू म्हणाल्या. मी हसले, पण पोळ्या लाटताना तेच डोक्यात.

डब्यात पाव किलो संत्रा बर्फी अन् बारा नानकटाया. नानकटाई गरम भरली की वाफ धरून मऊ पडते, म्हणून रात्रभर जाळीवर ठेवते. बर्फी खव्याची, बाहेर फार टिकत नाही, म्हणून आदल्या रात्रीच करते. खवेवाल्याला वजन आधी सांगावं लागतं, तेव्हा ऑर्डर वसुबारसेपर्यंतच. निम्मे पैसे आधी.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी धरमपेठ, प्रतापनगरात घरपोच. बाकीच्यांनी दुपारी बाराच्या आत घरून न्यावा.

काकूंनी जाताना दोन डबे सांगितले. पैसे मात्र “बघू नंतर”. घरच्या गॅसला पैसे लागत नाहीत का हो?