"बघू" आल्यावर अजून किती मेसेज करायचे

रात्रीचे साडेअकरा. चॅट वरपासून खाली परत वाचून काढलं, आणि डोळ्यात भरलं ते हे की सगळी प्रश्नचिन्हं माझ्या बाजूला आहेत, त्याच्या बाजूला एकही नाही. "हो." "छान." "ठाण्यात." "हाहा." बास.

आमची मॅच झाली त्या डेटिंग ॲपवर पहिला मेसेज मुलीनेच करायचा असतो, तोही २४ तासात, नाहीतर मॅच उडते, त्यामुळे सुरुवात मी करायची यात काही नवल नाही. पण सुरुवात माझी म्हणजे पुढचं सगळं पण माझंच, असं कुठे ठरलंय?

आधी वाटलं प्रश्नच फालतू असतील. "जेवलास का", "ऑफिस कसं होतं" याला माणूस "हो" आणि "ओके"च म्हणणार ना, मी पण तेच म्हणते. म्हणून त्याच्या प्रोफाइलमधलंच धरलं. कोकणकड्यावर पालथा पडून खाली बघतानाचा फोटो आहे त्याचा, तर विचारलं, हरिश्चंद्रगडावर कुठून चढलात, खिरेश्वरहून, पाचनईहून की नळीच्या वाटेने? उत्तर: "पाचनई". बरं, निदान माहिती तरी मिळाली. मग मी मुद्दाम चिमटा काढला, की पाचनईहून म्हणजे सगळ्यात सोपी वाट, नळीच्या वाटेने गेला असतास तर मानलं असतं. ट्रेक करणाऱ्या माणसाला असं बोललं की तो भांडतो, निदान पावसात पाचनई कशी घसरडी असते ते तरी ऐकवतो, माझा मामेभाऊ तर अर्धा तास सोडत नाही. इकडे काय आलं? "हाहा". आणि मग मीच नळीच्या वाटेबद्दल चार ओळी लिहिल्या, मीच विचारायचं, मीच सांगायचं.

आता एका शब्दात बोलणारे सगळे सारखे नसतात, हे मला माहितीये. मैत्रिणीचा नवरा लग्नाआधी असाच होता, हॉस्पिटलात नाईट ड्युटी, चॅटमध्ये "हो", "नाही", "झोपतो". पण ड्युटी सुटली की फोन तोच करायचा, आणि तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे ते त्याच्या लक्षात असायचं. त्याला टायपिंगचा कंटाळा होता, तिचा नाही. म्हणून मी शब्द मोजत नाही, एवढंच बघते की स्वतःहून कधी मेसेज केला का, उलट एखादा प्रश्न विचारला का, मी आधी सांगितलेलं काही आठवलं का. उत्तर लगेच येतं का उशिरा याला फार अर्थ नाही, लोकलमध्ये उभं राहून कोण काय टाइप करणार. हा बाबा तर दोन मिनिटात "हम्म" पाठवतो.

कदाचित टायपिंगच जमत नसेल म्हणून व्हॉइस नोट पाठवली, छोटीशी, अर्ध्या मिनिटाची. त्यावर अंगठा आला. मग म्हटलं लिहिणं-बोलणं राहू दे, भेटूनच बघू, आणि सरळ विचारलं: शनिवारी संध्याकाळी पाच, माटुंग्याला, स्टेशनजवळ फिल्टर कॉफी, तासभर, मला सहाला निघायचंय. दिवस, वेळ, जागा सगळं दिलं, म्हणजे "कधीतरी भेटू" म्हणायला वाव नको, आणि दिवसाउजेडी गर्दीची जागा म्हणजे मलाही बरं. तो ठाण्याचा, मी दादरची, म्हणजे त्याला काही विरारला बोलावलं नव्हतं.

"बघू."

खरं सांगू तर नकाराचं एवढं वाटलं नसतं. "शनिवारी जमणार नाही, रविवारी चालेल?" असं आलं असतं तर मी पुढचा आठवडाभर "हम्म" पण चालवून घेतलं असतं, कारण दुसरा वार सुचवणाऱ्या माणसाला यायचं असतं. नुसत्या "बघू"वर मी शनिवार मोकळा ठेवायचा आणि दुपारी तीनला परत विचारायचं, मग काय ठरलं? नाही बाबा. मैत्रिणीला हो म्हणून टाकलं, तिला पडद्याचं कापड घ्यायचंय.

आई म्हणते लाजरा असेल गं, जरा वेळ दे. असेल. पण मग लाजऱ्या माणसाने निदान "आणि तू?" एवढं तरी टाइप करावं, त्यात लाजायचं काय?

अनमॅच नाही करणार, भांडण थोडीच झालंय. रागाचा लांबलचक मेसेज पण नाही, त्यावर "सॉरी" येईल आणि चक्र परत सुरू. एकच ओळ टाकली: "शनिवारचं कॅन्सल, तुला भेटावंसं वाटलं तर तू दिवस सांग." यापुढे त्याने विचारलं तर उत्तर देणार, स्वतःहून प्रश्न नाही. नुसतं "हाय" आलं तर मी पण "हाय".

पाठवला मेसेज. वाचला त्याने. "ओके".